पत्र्याच्या घरातील उष्णता : परावर्तक रंग आणि पांढरी मोझॅक फरशी यांचा तौलनिक विचार

सारांश

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातील उष्णता कमी करण्यासाठी छपरावर पांढरा परावर्तक रंग द्यावा की पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे मोझॅक बसवावे, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. दोन्ही उपायांचे मूळ तत्त्व एकच आहे. मात्र ते ज्या पृष्ठभागावर करावयाचे तो पृष्ठभाग एक नाही. मोझॅक हा काँक्रीटच्या स्लॅबचा उपाय असून तो पत्र्यावर नेल्यास वजन, हालचाल आणि गंज या तीन कारणांनी निकामी ठरतो, तर परावर्तक रंग पत्र्याला साजेसा असला तरी पृष्ठभागाची तयारी व दरवर्षीची स्वच्छता यांवर त्याचे यश अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखात चंद्रपूर परिसरातील एका नमुना घराच्या आधारे स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : पन्हाळी पत्रा, परावर्तकता, उत्सर्जकता, परावर्तक रंग, चायना मोझॅक, प्रारणजन्य उष्णता.

प्रस्तावना

विदर्भातील उन्हाळा आणि पत्र्याचे छप्पर यांचा संबंध नव्याने सांगावयास नको. चंद्रपूरसारख्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे. तेथील कोळसा खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि त्यांवर अवलंबून असलेले छोटे उद्योग यांत रात्रपाळी करणारा मजूर दिवसा झोपतो. दुपारी बारा ते चार या वेळेत, म्हणजे छप्पर सर्वाधिक तापलेले असताना, त्याच्या डोक्यावर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पत्रा असतो. अशा कुटुंबाच्या हाती असलेल्या थोड्या पैशात कोणता उपाय करावा, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. तो झोपेचा, पर्यायाने आरोग्याचा आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाचा प्रश्न आहे.

छपरे पांढरी करण्याच्या कल्पनेला अलीकडे धोरणात्मक स्थान मिळाले आहे. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा स्वीकारला आणि २०१७ मध्ये शीत छपरांचा उपक्रम त्यास जोडला. तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये शीत छप्पर धोरण जाहीर केले. अशा चर्चांत परावर्तक रंग, चुना, पांढरी फरशी आणि मोझॅक ही नावे एकाच यादीत येतात. त्यामुळे घरमालकाचा असा समज होतो की, यांपैकी कोणताही पर्याय कोणत्याही छपरावर चालेल. शेजारच्या स्लॅबच्या घरावर किंवा शाळेच्या इमारतीवर मोझॅक पाहून तोच उपाय पत्र्यावर करण्याचा विचार येथूनच सुरू होतो.

पत्रा तापण्याची कारणमीमांसा

छपराचे तापमान दोन गुणधर्मांवर ठरते. पहिला गुणधर्म परावर्तकता, म्हणजे पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी किती भाग पृष्ठभाग परत फेकतो. दुसरा गुणधर्म उत्सर्जकता, म्हणजे शोषलेली उष्णता पृष्ठभाग अवरक्त किरणांच्या रूपाने किती सहज बाहेर टाकतो. पहिला गुण सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसऱ्याकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते.

या दुर्लक्षामुळेच नव्या चकचकीत पत्र्याचे वर्तन कोड्यात टाकते. जस्ताचा मुलामा असलेला नवा पत्रा आरशासारखा चमकतो आणि सूर्यप्रकाशाचा अर्ध्याहून अधिक भाग परावर्तित करतो. तरीही दुपारी त्यावर हात ठेववत नाही. याचे कारण त्याची उत्सर्जकता अवघी ०.२५ च्या आसपास असते. जी उष्णता तो शोषतो ती बाहेर टाकण्याचा प्रारणाचा मार्ग त्याला जवळजवळ बंद असतो. पत्रा जुना होऊन गंजला की उत्सर्जकता वाढते, परंतु परावर्तकता ०.३ पर्यंत खाली येते. थोडक्यात, नवा पत्रा उष्णता कमी घेतो पण सोडत नाही आणि जुना पत्रा उष्णता सोडतो पण फार घेतो. पांढऱ्या रंगाच्या थराची परावर्तकता नवीन असताना ०.८ च्या आसपास आणि उत्सर्जकता ०.९ च्या आसपास असते. दोन्ही गुण एकत्र असणे हेच त्याचे खरे वैशिष्ट्य होय. दुकानात स्वस्तात मिळणारा चंदेरी ॲल्युमिनियम रंग पत्र्यावर सर्रास लावला जातो. परंतु तो पांढऱ्या रंगापेक्षा कमी परावर्तक असून त्याची उत्सर्जकताही बरीच कमी असते. म्हणून तो या कामासाठी पांढऱ्या रंगाची जागा घेऊ शकत नाही.

नमुना घर : एक गणित

उदाहरणादाखल १० फूट रुंद व २० फूट लांब, म्हणजे सुमारे १८.६ चौ. मी. क्षेत्रफळाचे, वीटभिंतींचे आणि गंजलेल्या पन्हाळी पत्र्याचे एक घर घेऊ. मे महिन्यातील दुपारी बाहेरील हवा ४२ अंश, वारा मंद आणि छपरावर पडणारे सौर प्रारण दर चौ. मी. ९०० वॅट असे गृहीत धरू.

०.३ परावर्तकतेचा गंजलेला पत्रा या ९०० पैकी ६३० वॅट शोषतो. हवेला आणि आकाशाकडे होणारा उष्णतेचा व्यय विचारात घेतल्यास त्याचे तापमान ६५ अंशांच्या आसपास स्थिरावते. त्याच पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग दिल्यास शोषण १८० वॅटवर येते आणि तापमान ४७ अंशांच्या आसपास राहते. नव्या चकचकीत पत्र्याचे शोषण ३६० वॅट, म्हणजे गंजलेल्या पत्र्याहून बरेच कमी. तथापि कमी उत्सर्जकतेमुळे त्याचेही तापमान ६२ अंशांपर्यंत पोहोचते. वाऱ्याचा वेग बदलल्यास हे आकडे काही अंशांनी पुढेमागे होतील, परंतु त्यांचा परस्परक्रम बदलणार नाही.

आता आत झोपलेल्या माणसाचा विचार करावा लागेल. त्याच्या अंगावर येणारी उष्णता केवळ हवेची नसते. डोक्यावरचा तापलेला पत्रा अवरक्त किरणांद्वारे थेट त्याच्या शरीराकडे उष्णता टाकीत असतो. घरातील भिंती ४० अंशांवर आहेत असे धरल्यास, ६५ अंशांचा पत्रा त्या भिंतींच्या तुलनेत दर चौ. मी. सुमारे १७५ वॅट अधिक प्रारण खाली पाठवितो. ४७ अंशांच्या पत्र्याच्या बाबतीत हे आधिक्य ४५ वॅटपर्यंत उतरते. म्हणजे डोक्यावरून येणारा जादा मारा जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटतो. दारेखिडक्या उघड्या असलेल्या घरात हवेचे तापमान मात्र त्याच वेळी मोजकेच अंश कमी झालेले दिसते. 'रंग देऊन तीनच अंश उतरले' अशी तक्रार आणि 'घरात बसवते तरी' असा अनुभव एकाच घरात ऐकू येतो, त्याचा उलगडा येथे होतो. दोन्ही विधाने खरी असतात. पहिले हवेविषयी असते आणि दुसरे प्रारणाविषयी.

मोझॅक फरशी : गुण कोठे, दोष कोठे

पांढऱ्या चकचकीत फरशीच्या तुकड्यांचे मोझॅक, ज्याला बांधकामाच्या व्यवहारात 'चायना मोझॅक' म्हणतात, ते काँक्रीटच्या गच्चीवर उत्तम उपाय ठरते. तेथे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर सिमेंट-वाळूचा माल आणि त्यावर फरशीचे तुकडे असा थर असतो. हा थर पाणी अडवितो, ऊन परावर्तित करतो, पायाखाली झिजत नाही आणि झाडूने धुता येतो. दर काही वर्षांनी पुन्हा कराव्या लागणाऱ्या रंगाच्या मानाने तो दीर्घायुषी असतो. स्लॅबच्या घरमालकाने मोझॅकची निवड केल्यास ती चुकीची म्हणता येणार नाही.

पत्र्यावर परिस्थिती उलटते. पहिला प्रश्न वजनाचा आहे. पत्र्याच्या खाचा भरून समपातळी आणण्यासाठी मालाचा थर सरासरी ३० मि. मी. तरी द्यावा लागतो. फरशीसह त्याचे वजन दर चौ. मी. ७५ किलोग्रॅमच्या घरात जाते. नमुना घराच्या छपरावर हे ओझे सुमारे १,४०० किलोग्रॅम होईल. मूळ पत्र्याचे एकूण वजन मात्र १०० किलोग्रॅमही नसते. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात, ज्यावर वावर नाही अशा १० अंशांपर्यंत उताराच्या छपरासाठी दर चौ. मी. ०.७५ किलोन्यूटन इतका चलभार धरण्यास सांगितले आहे. तो दुरुस्तीसाठी चढणारी माणसे व सामान यांच्यासाठी राखलेला असतो. मोझॅकचे वजन एकट्यानेच तेवढे होते आणि ते कायमचे असते. बांबूच्या, जुन्या लाकडी किंवा बारीक लोखंडी नळ्यांच्या पर्लिनवर उभे असलेले छप्पर हे ओझे पेलण्यासाठी बनविलेलेच नसते. पर्लिन हळूहळू वाकतात, खोलगट भागात पावसाचे पाणी साचते आणि ओझे आणखी वाढते.

दुसरा प्रश्न हालचालीचा आहे. पहाटे २५ अंशांवर असलेला तीन मीटर लांबीचा पत्रा दुपारी ६५ अंशांवर गेला की सुमारे दीड मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. वाऱ्याने तो थरथरतो, त्यावर पाय पडला की लवतो. सिमेंटचा माल असे लवणे सहन करीत नाही. गुळगुळीत जस्तावर त्याची पकडही धड बसत नाही. परिणामी पहिल्या वर्षातच केसासारख्या चिरा दिसू लागतात. हातोडीच्या दांड्याने फरशीवर हलकेच ठोकल्यास पोकळ आवाज येणे, हे थर पत्र्यापासून सुटल्याचे निश्चित लक्षण होय.

तिसरा प्रश्न गंजाचा असून तो सर्वांत घातक आहे, कारण तो दिसत नाही. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि जस्त अल्कलीत झिजते. म्हणजे माल पसरताच मुलाम्याचा ऱ्हास सुरू होतो. पुढे चिरांतून उतरलेले पाणी माल आणि पत्रा यांच्यामध्ये अडकून राहते. उघडा पत्रा पावसानंतर तासाभरात वाळतो. झाकलेला पत्रा अनेक दिवस ओला राहतो. खालून छतावर तांबूस डाग दिसू लागतात, तेव्हा वरचा पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो आणि त्यावरचे ओझे तसेच असते. येथे प्रश्न उष्णतेचा न राहता सुरक्षिततेचा होतो.

या सर्व धोक्यांच्या बदल्यात उष्णतेच्या दृष्टीने मिळणारा जादा लाभही नगण्य आहे. ३० मि. मी. मालाचा थर उष्णतेला फारसा रोध करीत नाही. तो केवळ काही उष्णता साठवितो आणि सूर्यास्तानंतर सोडतो. पत्र्याच्या घराचा एकमेव नैसर्गिक गुण म्हणजे ते सायंकाळी लवकर निवते. मोझॅकमुळे तोही काही अंशी हिरावला जातो.

रंगकामाची पद्धती

रंग टिकेल की पापुद्र्यासारखा सुटेल, हे डबा उघडण्यापूर्वीच्या कामावर ठरते. पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड, टायर व अडगळ प्रथम खाली उतरवावी आणि त्यांऐवजी हुक व वायसर नीट आवळावेत. दगडाखाली अडकलेली ओल हेच गंजाचे पहिले घर असते. सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढून, संपूर्ण छप्पर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळू द्यावे. गंजलेल्या जागी झिंक फॉस्फेट प्रायमरचा हात द्यावा. भोके व सांधे आधी बुजवावेत, कारण रंग गळती थांबवीत नाही.

नव्या पत्र्याच्या बाबतीत वेगळी दक्षता आवश्यक आहे. तेलरंग थेट जस्तावर लावल्यास तेल आणि जस्त यांच्या अभिक्रियेतून साबणासारखा थर बनतो आणि रंग सोलून निघतो. म्हणून गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठीचाच प्रायमर वापरून त्यावर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक परावर्तक रंग द्यावा. चुन्याचा हात स्वस्त असून स्लॅबवर एका हंगामापुरता उपयोगी पडतो. पत्र्यावर मात्र तो पापुद्रे धरतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो.

रंगाचे दोन हात, एकमेकांना आडवे, सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावेत. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच सुकतो आणि त्याची पकड कच्ची राहते. पन्हाळीमुळे पत्र्याचे प्रत्यक्ष पृष्ठफळ जमिनीवरील मापापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी अधिक भरते. २०० चौ. फुटांच्या नमुना घरासाठी ते सुमारे २३० चौ. फूट धरावे लागेल. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे २५ चौ. फूट असे लिहिलेले असल्यास नऊ ते साडेनऊ लिटर रंग लागेल. त्यात पाणी वाढवून पाच लिटरांत काम उरकल्यास थर पातळ होतो, खालचा पत्रा झिरपतो आणि परावर्तकता घटते. कामास योग्य काळ फेब्रुवारी-मार्च हा आहे. छपरावर चढताना पाय नेहमी हुकांच्या रांगेवर, म्हणजे खालच्या पर्लिनवर पडेल असे पाहावे आणि वीजजोडणीची तार पत्र्याला स्पर्श करीत नाही याची आधी खात्री करावी. छप्पर लोखंडी पत्र्याचे नसून जुन्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे असल्यास ते ब्रशाने घासू नये व त्यावर चढूही नये.

परिणामाचे मोजमाप

महाविद्यालयीन प्रकल्पांत अशा छपरांची मोजणी वाढत आहे. त्यात एक चूक वारंवार संभवते. अवरक्त तापमापक उघड्या चकचकीत पत्र्यावर रोखल्यास तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आकडा दाखवितो. उपकरण उत्सर्जकता ०.९५ धरून चालते, पत्रा मात्र आकाशाचे प्रतिबिंब दाखवीत असतो. रंगवलेल्या भागाचे वाचन तुलनेने बरोबर येते. परिणामी रंगवलेला पत्रा अधिक गरम असल्याचा विपरीत निष्कर्ष निघू शकतो. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही छपरांच्या आतील बाजूस काळ्या विद्युतपट्टीचा तुकडा चिकटवून, तो पत्र्याच्या तापमानाला आल्यावर त्यावरच वाचन घ्यावे.

माणसाला जाणवणारा फरक टिपण्यासाठी साधा तापमापक पुरत नाही. टेबल टेनिसच्या चेंडूला बाहेरून मंद काळा रंग देऊन त्यात तापमापकाचा फुगा बसविल्यास छोटा गोलक तापमापक तयार होतो. तो खाटेच्या उंचीवर टांगून, शेजारी साधा तापमापक ठेवावा. दोन्ही वाचनांतील अंतर म्हणजे छपराच्या प्रारणाची खूण होय. रंगकामानंतर हे अंतर आकसले नाही, तर रंगाचा थर पातळ आहे किंवा उष्णता अन्य मार्गाने, बहुधा पत्र्याच्या भिंतीतून, येत आहे असे समजावे.

मर्यादा

परावर्तक रंग हा शीतक नव्हे. बाहेरची हवा ४४ अंशांवर असता दुपारी तो घराला त्याखाली नेऊ शकत नाही. तो फक्त छपराची भर कमी करतो. दुसरी मर्यादा धुळीची आहे. चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळशाची भुकटी आणि राख पांढऱ्या थरावर बसून एकदोन वर्षांत परावर्तकता ०.६५ पर्यंत येऊ शकते. नमुना घराच्या गणितात तेव्हा पत्रा ५२ अंशांवर जातो आणि अंगावरील जादा प्रारण ४५ वरून ८० वॅटपर्यंत, म्हणजे जवळजवळ दुप्पट वाढते. म्हणून दरवर्षी मार्चमध्ये छप्पर नरम कुंच्याने धुणे हा या उपायाचाच भाग मानला पाहिजे. खरेदीच्या वेळीही डब्यावरील नव्या थराचा आकडा न पाहता तीन वर्षांनंतरचा आकडा विचारावा. तिसरी मर्यादा हिवाळ्याची आहे. अधिक उत्सर्जकतेमुळे रंगवलेला पत्रा रात्री आकाशाकडे अधिक उष्णता टाकतो. उन्हाळ्यातील रात्री ही इष्टापत्ती ठरते, परंतु डिसेंबर-जानेवारीत गारठा वाढतो आणि दमट घरात पहाटे पत्र्याच्या आतून दव ठिबकू शकते. छताखाली हवेची पोकळी राखून बसविलेला बांबूचा तट्टा या दोन्ही ऋतूंत रंगाला पूरक ठरतो.

निष्कर्ष

रंग की मोझॅक, या प्रश्नाचे उत्तर छपराच्या वर नसून छपराच्या खाली आहे. खाली काँक्रीटचा स्लॅब असेल तर पांढरे मोझॅक हा टिकाऊ व समर्थनीय पर्याय आहे. खाली पत्रा आणि बारीक पर्लिन असतील तर मोझॅक थोड्याही जादा गारव्याविना छपराचे आयुष्य कमी करते. अशा घरासाठी नीट तयार केलेल्या पत्र्यावरील परावर्तक रंगाचे दोन पुरेसे जाड हात आणि दरवर्षीची एक धुलाई हाच युक्त मार्ग ठरतो. रात्रपाळीहून परतलेल्या मजुराला त्याने थंड खोली मिळणार नाही. परंतु डोक्यावरून अंगावर येणारी जादा झळ तीन चतुर्थांशाने कमी होईल आणि डोक्यावर दीड टनाचे लपलेले ओझेही असणार नाही.